चुकीचे तीन पर्याय शोधताना

पूर्वपरीक्षा जवळ आली की आमच्या परभणीच्या अभ्यासिकेत प्रश्नसंचांचे गठ्ठे फिरायला लागतात. कुणी पुण्याहून मागवलेले असतात, कुणी त्यांच्या झेरॉक्स काढलेल्या असतात. राज्यघटनेतलं आणीबाणीचं प्रकरण काढा, बहुतेक संचांत पहिला प्रश्न तोच असतो. राष्ट्रीय आणीबाणी कोणत्या कलमानुसार जाहीर होते? पर्याय ३५२, ३५६, ३६०, ३६८. हा प्रश्न मी इतक्यांदा सोडवला होता की वाचायच्या आधीच हात ३५२ वर जायचा. पण लोकसेवा आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिकेतला ‘खालीलपैकी कोणती विधाने बरोबर आहेत’ असा प्रश्न आला की तोच हात हवेत थांबायचा. एक महिना की दोन महिने, साधं बहुमत की विशेष, कलम १९ की कलम २१, हे सगळं कुठंतरी वाचलेलं असायचं, फक्त कुठल्या आणीबाणीबद्दल ते आठवायचं नाही.

आमच्यात हिंगोलीचा एक दादा आहे. मुख्य परीक्षा देऊन आलेला, त्यामुळं त्याच्या शब्दाला जरा वजन. चहाच्या टपरीवर त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “तू निस्ती उत्तरं पाठ करायलीस. एकदा त्या प्रकरणावर तूच पेपर काढून बघ. चार पर्याय दे, आन् चुकीच्या तीन पर्यायांपुढं ते कामून चूक ते एकेका ओळीत लिही.” मला वाटलं, प्रश्न काढणं म्हणजे वाक्यातला एक शब्द गाळून रिकामी जागा ठेवणं, त्यात काय एवढं! त्या दुपारी बसले आणि तसंच सुरू केलं. प्रकरण एकदा सरळ वाचून काढलं, पुस्तक मिटलं, वही उघडली.

पहिली पानं भराभर भरली. आर्थिक आणीबाणी कोणत्या कलमात, ४४वी घटनादुरुस्ती कोणत्या साली, बोम्मई खटल्याचा निकाल कोणत्या साली. प्रश्न होत होते, पण दादाची अट आडवी आली. ‘४४वी घटनादुरुस्ती १९७८’ याला चुकीचे पर्याय म्हणून मी १९७५, १९७६ आणि १९८५ लिहिले. १९७६ कामून चूक? कारण ते ४२व्या दुरुस्तीचं वर्ष. बरं. १९७५? ते ३८वीचं. १९८५? पक्षांतरबंदीची ५२वी. प्रत्येक ओळीत मी फक्त दुसरी एक नोंद लिहीत होते. १९७८ ऐवजी दुसरं कुठलं वर्ष असतं तर काय बिघडलं असतं, याचं उत्तर त्यात कुठंच नव्हतं. अशा प्रश्नांवर मी पेन्सिलीनं फुली मारली. हे पाठ करायचं, त्यात समजून घेण्यासारखं काही नाही, एवढाच त्या फुलीचा अर्थ.

मग मुदतीचा प्रश्न आला आणि गंमत सुरू झाली.

प्रश्न असा लिहिला: कलम ३५२ खालच्या उद्घोषणेला संसदेच्या दोन्ही सभागृहांनी किती काळात मंजुरी द्यावी लागते? बरोबर उत्तर एक महिना. चुकीचे पर्याय शोधायला बाहेर जावंच लागलं नाही, तीनही त्याच प्रकरणात पडलेले होते. चौदा दिवस, दोन महिने, सहा महिने. आता प्रत्येकापुढं कारण लिहायचं होतं. सहा महिने चूक, कारण ती मंजुरी मिळाल्यावर आणीबाणी किती काळ चालेल त्याची मुदत. पुढं चालू ठेवायची तर दर सहा महिन्यांनी पुन्हा मंजुरी घ्यावी लागते. चौदा दिवस चूक, कारण लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी लेखी नोटीस दिली तर आणीबाणी नामंजूर करण्याच्या ठरावासाठी चौदा दिवसांत खास बैठक बोलवावी लागते, तो तो आकडा.

दोन महिन्यांपुढं मात्र मी अडले. दोन महिने चूक, कारण ती मुदत राष्ट्रपती राजवटीची आणि आर्थिक आणीबाणीची, एवढं लिहिलं आणि खात्री करायला पुस्तक उघडलं. तिथं आणखी एक ओळ होती, जी मी आधी कितीतरी वेळा वाचलेली: १९७८ पूर्वी ३५२ साठीही दोन महिनेच होते. म्हणजे हा पर्याय चूक असण्याची कारणं दोन होती. तो शेजारच्या कलमाचं बरोबर उत्तर होता, आणि याच कलमाचं जुनं बरोबर उत्तरही होता.

या एका ओळीनं सगळं प्रकरण उघडलं म्हटलं तरी चालेल. कारण मग मी सहजच पुढचा प्रश्न लिहिला: ही मंजुरी कोणत्या बहुमतानं? उत्तर विशेष बहुमत, म्हणजे सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश. चुकीचा पर्याय साधं बहुमत. कामून चूक? कारण १९७८ पूर्वी साधं चालायचं. पुन्हा तेच! मग आणीबाणीचं कारण. उत्तर युद्ध, परकीय आक्रमण किंवा सशस्त्र बंड. चुकीचा पर्याय ‘अंतर्गत अशांतता’. कामून चूक? कारण १९७८ मध्ये ते शब्द काढून ‘सशस्त्र बंड’ घातलं. मग राष्ट्रपती कुणाच्या सल्ल्यानं? उत्तर मंत्रिमंडळाच्या लेखी शिफारशीनं. चुकीचा पर्याय एकट्या पंतप्रधानांच्या सल्ल्यानं. कामून चूक? १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी पंतप्रधानांच्या सल्ल्यानं लागली आणि मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, म्हणून पुढं लेखी शिफारशीची अट घातली.

माझ्या चुकीच्या पर्यायांपुढच्या ओळी एकाखाली एक वाचल्या तर तो सरळ १९७५ ते ७७ चा इतिहास होता. पुस्तकात ४४वी दुरुस्ती हा एक स्वतंत्र ठोकळा होता, प्रकरणाच्या शेवटाकडं, आठ-दहा मुद्द्यांचा. मी तो वेगळा पाठ करत होते आणि ३५२ च्या तरतुदी वेगळ्या. आजच्या प्रत्येक तरतुदीत त्या अनुभवाचं एक उत्तर दडलेलं आहे, हे प्रश्न लिहिल्याशिवाय मला दिसलं नव्हतं.

म्हणून मग एक ‘का’ चा प्रश्न लिहिला, पर्यायांशिवाय, स्वतःसाठी. आणीबाणी आणायला विशेष बहुमत, दोन्ही सभागृहं, एक महिना. आणि ती नामंजूर करायला मात्र एकटी लोकसभा, तीही साध्या बहुमतानं. असं का? उत्तर लिहिताना वही आडवी धरून दोन रकाने केले. आणायला अवघड, काढायला सोपी. १९७८ आधी उलटं होतं: आणायला सोपी, आणि एकदा संसदेनं मान्यता दिली की सरकारला वाटेल तोवर चालू. एवढं एक वाक्य हातात आलं की लेखी शिफारस, एक महिना, विशेष बहुमत, सहा महिने, एक दशांशाची नोटीस, चौदा दिवस हे सगळे आकडे आपापल्या रकान्यात जाऊन बसतात. आता त्यातला एखादा विसरला तरी निदान कुठल्या बाजूचा ते सांगता येतं, आणि विधानांच्या प्रश्नात बऱ्याचदा तेवढ्यानंच एखादा पर्याय उडतो.

कलम २० आणि २१ चंही तसंच झालं. ‘राष्ट्रीय आणीबाणीतही कोणत्या कलमांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क काढून घेता येत नाही’ हा संचांतला ठरलेला प्रश्न. मी चुकीचा पर्याय म्हणून २१ आणि २२ ची जोडी घातली आणि कारण लिहायला बसले. २१ नेमकं का वाचवलं? १९७६ साली एडीएम जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं म्हटलं होतं की आणीबाणीत २१ स्थगित असताना अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही. त्यानंतर दोन वर्षांनी घटनेतच लिहून टाकलं की २० आणि २१ ला हात लावायचा नाही. आणि २२ कामून चूक? प्रतिबंधात्मक स्थानबद्धता त्याच कलमात आहे, आणि त्याला असं संरक्षण दिलेलं नाही. हे कळल्यावर ती जोडी पुन्हा घोटावी लागली नाही.

घरी जिंतूरकडं गेले तेव्हा वही सोबत होती. आजोबांनी विचारलं, “काय लिहायलीस एवढं?” म्हटलं, आणीबाणी. मग काय, गोष्टी सुरू झाल्या. नसबंदीच्या गाड्यांच्या, मास्तरांना दिलेल्या केसेसच्या कोट्याच्या. बोलता बोलता म्हणाले, “तव्हा आपले शंकरराव होते की मुख्यमंत्री.” नांदेडचे शंकरराव चव्हाण, १९७५ च्या फेब्रुवारीपासून १९७७ च्या मे पर्यंत. मी ऐकता ऐकता थांबले. आणीबाणी होती, आणि राज्यात मुख्यमंत्री होते, विधानसभाही होती.

यातून जो प्रश्न निघाला तो माझ्या वहीतला मला सगळ्यांत आवडलेला. विधान असं: राष्ट्रीय आणीबाणी लागू होताच राज्य सरकार बरखास्त होते आणि राज्याचा कारभार राज्यपाल पाहतात. अभ्यासिकेत हे विधान चार जणींना दाखवलं तर दोघींनी बरोबर म्हणून टिकमार्क केली, आणि त्या काही नवख्या नव्हत्या. चूक कामून? राष्ट्रीय आणीबाणीत राज्य सरकार आणि विधिमंडळ काम करत राहतात. केंद्र राज्याला कोणत्याही विषयावर निर्देश देऊ शकतं, आणि राज्यसूचीतल्या विषयावर संसद कायदा करू शकते. सरकार जातं ते ३५६ च्या राष्ट्रपती राजवटीत. दोन्ही प्रकार एकाच प्रकरणात, एकाच ‘आणीबाणी’ या नावाखाली येतात म्हणून डोक्यात त्यांची खिचडी होते. शंकररावांचं नाव सांगितलं की आमच्याकडच्या कुणाचीही ती खिचडी सुटते. पुस्तकातलं वाक्य चार वेळा वाचूनही सुटत नाही.

मग वाटलं, ३५६ साठीही आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्यावं. महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट तीनदा लागली आहे. १९८० च्या फेब्रुवारीत लागली आणि जूनमध्ये उठली. २०१४ मध्ये २८ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर. २०१९ मध्ये १२ ते २३ नोव्हेंबर. ही यादी सगळ्यांना पाठ असते, आणि यादीवर ‘किती वेळा’ हाच प्रश्न निघतो. मी विचारलं: या तिन्हींपैकी कोणती राजवट संसदेच्या मंजुरीशिवाय तेवढा काळ टिकूच शकली नसती?

उत्तर काढायला पाठांतर पुरत नाही. नियम लागतो आणि तारखाही लागतात. उद्घोषणा मंजुरीशिवाय दोन महिनेच टिकते. २०१४ ची जेमतेम महिनाभर, २०१९ ची दोन आठवड्यांच्या आत उठली, तेव्हा दोन महिन्यांची मर्यादा गाठायचा प्रश्नच आला नाही. १९८० ची मात्र जवळपास चार महिने चालली. म्हणजे उत्तर १९८०. हा प्रश्न मी दादाला दिला. त्यानं क्षणभर वर बघितलं, बोटांवर महिने मोजले आणि म्हणाला, “हे झालं बग.” त्याच्याकडून एवढं ऐकायला मिळणं म्हणजे खूप.

२०१९ वरून आणखी एक प्रश्न निघाला, बोम्मईला धरून. त्या वर्षी राजवट पहाटे उठली आणि सकाळीच नवं सरकार शपथ घेऊन मोकळं झालं, मधे निवडणूक नाही. ते कसं शक्य झालं? विधानसभा विसर्जित केली नव्हती, नुसती निलंबित ठेवली होती. १९९४ च्या बोम्मई निकालात नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठानं सांगितलंय की संसद मंजुरी देईपर्यंत विधानसभा विसर्जित करू नये, निलंबितच ठेवावी, आणि सरकारकडं बहुमत आहे की नाही ते सभागृहातच ठरावं. निलंबित आणि विसर्जित हे दोन शब्द मी आधी एकाच अर्थानं वाचत गेले होते. पर्याय लिहिताना एक बरोबर आणि दुसरा चूक ठेवायची वेळ आली, तेव्हा दोन्हींतला फरक नीट पाहावा लागला.

आता अदलाबदलीचं सांगते, कारण खरी परीक्षा तिथं होते. आम्ही तिघी-चौघी आपापल्या वह्या एकमेकींना सोडवायला देऊ लागलो. पहिला फटका पर्यायांच्या लांबीनं बसला. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीनं आणीबाणीचं प्रकरण तेव्हा वाचलेलंही नव्हतं, तरी तिनं माझे बरेच प्रश्न बरोबर सोडवले. म्हटलं, कसं काय? ती म्हणाली, “जो पर्याय सगळ्यांत लांब अन् ‘परंतु’, ‘किमान’ लावून लिहिलाय, तोच बरोबर असतोय तुझा.” खरंच होतं. बरोबर वाक्य पुस्तकातून उचललेलं असल्यामुळं ते अटी-शर्तींसकट येतं, आणि चुकीचं आपण घाईत लिहितो म्हणून तोकडं राहतं. उपाय सोपा: चुकीच्या पर्यायालाही तेवढीच अट घालायची, आणि त्या अटीतलाच एक शब्द फिरवायचा. उदाहरणार्थ ‘एक वर्षानंतर राष्ट्रपती राजवट वाढवायची तर संपूर्ण देशात, त्या राज्यात किंवा राज्याच्या एखाद्या भागात राष्ट्रीय आणीबाणी लागू असली पाहिजे किंवा निवडणूक घेणे अवघड असल्याचे निवडणूक आयोगाने प्रमाणित केले पाहिजे.’ सगळं बरोबर, फक्त दोन अटींमधला ‘किंवा’ चूक. दोन्ही अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात. म्हणजे तिथं ‘आणि’ पाहिजे. अशा विधानात ज्ञान तपासलं जातं. शब्दांच्या आकारावरून अंदाज बांधता येत नाही.

‘वरीलपैकी सर्व’ हा पर्यायही आम्ही काढून टाकला. दोन गोष्टी बरोबर माहीत असल्या की तिसरी न वाचताच ‘सर्व’ वर खूण करता येते, मग ती तिसरी लिहून उपयोग काय?

दुसरा प्रसंग भांडणाचा. सेलूकडची एक मैत्रीण, अभ्यासात आमच्यापेक्षा पुढं. तिनं विधान लिहिलं होतं: राष्ट्रीय आणीबाणीच्या काळात कलम १९ मधील हक्क आपोआप निलंबित होतात. तिचं उत्तर बरोबर. दुसरीनं चूक अशी खूण केली. मग जे सुरू झालं ते ग्रंथपाल काकांनी डोळे वटारल्यावर आम्हाला बाहेर जिन्यात नेऊन संपवावं लागलं.

सेलूची म्हणत होती, ३५८ काढून बघ, आपोआप लिहिलंय. दुसरी म्हणत होती, आपोआप खरं, पण केव्हा? ३५८ मधलं हे निलंबन फक्त युद्ध किंवा परकीय आक्रमण या कारणानं जाहीर झालेल्या आणीबाणीला लागू होतं. कारण सशस्त्र बंड असेल तर १९ आपोआप निलंबित होत नाही. हाही ४४व्या दुरुस्तीनं केलेला बदल. मग ३५९ वापरून राष्ट्रपतींना वेगळा आदेश काढावा लागतो. दोघी आपापल्या जागी बरोबर होत्या. गोम प्रश्नात होती, कारण आणीबाणी कोणत्या कारणानं लागली तेच प्रश्न सांगत नव्हता.

ती पहिल्यांदा चिडली, मग पेन काढून विधान दुरुस्त केलं: ‘युद्धाच्या कारणावरून जाहीर झालेल्या’ एवढे शब्द सुरुवातीला घातले. आता उत्तर एकच. आणि लगेच त्याच्याखाली दुसरं विधान लिहिलं, ‘सशस्त्र बंडाच्या कारणावरून जाहीर झालेल्या’ असं, त्याचं उत्तर चूक. वाद घालून घालून प्रश्नात जे शब्द घालावे लागले, नेमके तेच शब्द त्या तरतुदीचा प्राण होते. त्यानंतर आम्ही एक ठरवलं: सोडवणारीनं ‘हे अवलंबून आहे’ असं म्हटलं की प्रश्न खोडायचा नाही, कशावर अवलंबून ते शोधायचं. ३५८ आणि ३५९ मधला फरक मला त्या जिन्यातल्या भांडणानं शिकवला.

आता हे सगळं किती चालतं आणि कुठं चालत नाही तेही सांगितलं पाहिजे. सगळ्यांत मोठी अडचण अशी की जे आपल्याला वाचताना दिसलंच नाही, त्यावर आपण प्रश्न कसा काढणार? माझ्या आणि माझ्या मैत्रिणींच्या वह्या एकत्र ठेवल्या तर ३५२ वर पानंच्या पानं, ३५६ वर बऱ्यापैकी, आणि ३६० वर एकच प्रश्न: आजवर कधीही न लागलेली आणीबाणी कोणती? पुस्तकात आर्थिक आणीबाणीला जागाच थोडी असते, आणि ती कधी लागलेली नाही म्हणून तिच्याभोवती गोष्ट नाही. गोष्ट नसली की प्रश्न सुचत नाही. आयोगाला मात्र तिथून विचारायला काहीच हरकत नसते.

यावर उपाय म्हणून आम्ही जोड्या लावायचा प्रश्न सक्तीचा केला. तीन आणीबाण्या आडव्या मांडायच्या आणि उभा प्रत्येक मुद्दा तिघींसाठी भरायचा: मंजुरी किती काळात, कोणत्या बहुमतानं, पुन्हा मंजुरी लागते का, कमाल मुदत किती. रकाना रिकामा ठेवायची सोय नाही. तेव्हा कळलं की ३६० ला मंजुरी दोन महिन्यांत, साध्या बहुमतानं, आणि एकदा मिळाली की ती मागे घेईपर्यंत चालू, पुन्हा मंजुरी नको आणि कमाल मुदतही नाही. १९७८ पूर्वीच्या राष्ट्रीय आणीबाणीचं सगळं ढिलेपण इथं अजून तसंच आहे! आणि त्याच रांगेत एक गोष्ट आणखी दिसली जी आम्हा सगळ्यांना विचित्र वाटली. राष्ट्रपती राजवटीला तीन वर्षांची कमाल मर्यादा आहे. राष्ट्रीय आणीबाणीला, म्हणजे त्याहून मोठ्या संकटाला, दर सहा महिन्यांची मंजुरी सोडली तर मर्यादाच नाही. का? युद्ध किती चालेल ते आधी ठरवता येत नाही, आणि राज्यात लोकांनी निवडलेलं सरकार बाजूला ठेवलेलं असतं, ते कायमचं ठेवता येत नाही, असं आम्ही आमच्यापुरतं उत्तर लावलं. परीक्षेत हे कुणी विचारणार नाही, पण तीन वर्षं कुणाची याचा घोळ आता होत नाही.

दुसरी मर्यादा वेळेची. या एका प्रकरणाला माझ्या दुपारच्या दुपारी गेल्या. चालू घडामोडींना ही पद्धत लावायचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला; पुरस्कार कुणाला मिळाला याचे चुकीचे पर्याय कितीही चांगले शोधा, त्यातून कळत काहीच नाही. ज्या प्रकरणात एकसारख्या दिसणाऱ्या गोष्टी शेजारीशेजारी बसलेल्या आहेत, तिथंच ही मेहनत फळते. ते ओळखायची खूण सोपी आहे. चुकीचे पर्याय त्याच प्रकरणात सापडतात का ते बघायचं. सापडले तर बसायचं. ते शोधायला दुसऱ्या पुस्तकात जावं लागलं तर नुसतं पाठ करून पुढं जायचं.

आणि स्वतःचे प्रश्न स्वतः सोडवण्याला फार अर्थ नसतो, निदान लगेच तरी. काही दिवसांनी वही उघडली तर उत्तर आठवायचं ते ‘क’ म्हणून. कारण आठवायचंच नाही. मग मी उत्तराचा पर्याय हातानं झाकून आधी चुकीच्या तिघांची कारणं सांगायला लागले. ती तिन्ही आली तरच प्रश्न सुटला असं धरायचं. दादा म्हणतो तसं, बरोबर उत्तर तर कुणालाही येतंय.

सध्या राज्यपालांच्या प्रकरणावर बसले आहे. तिथं गंमत अशी की जवळपास सगळे चुकीचे पर्याय राष्ट्रपतींच्या प्रकरणातून आणावे लागतात. ‘राज्यपालांना महाभियोगाने पदावरून दूर करता येते’ हा पहिला. चूक कामून, तर राज्यपाल राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर असतात, महाभियोगाची तरतूद त्यांच्यासाठी नाहीच. म्हणून दोन्ही प्रकरणं शेजारी उघडी ठेवून बसते. सेलूच्या मैत्रिणीनं काल त्यातला एक प्रश्न बघितला, डोकं हलवलं आणि खाली पेन्सिलीनं लिहून ठेवलं: अवलंबून आहे.